उकडलेलं की हाफ फ्राय: डब्यातल्या अंड्यांचे मॅक्रो मोजतानाच्या नोंदी

शुक्रवार, ४ जुलै २०२५, म्हापसा

जिममधल्या मुलांना मी सकाळचे डबे देते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: आत काय आहे, प्रोटीन किती, कॅलरी किती. दोन अंड्यांच्या डब्यावर गेलं वर्षभर एकच आकडा जातोय: १२.६ ग्रॅम प्रोटीन, १४४ कॅलरी. काल एका मुलाने दोन डबे शेजारी ठेवले, एकात उकडलेली अंडी, दुसऱ्यात हाफ फ्राय. चिठ्ठी दोन्हीवर तीच. म्हणाला, "ताई, हाफ फ्रायचं तेल यात धरलंय का?"

धरलं नव्हतं. तो महिन्याभरात वजनगटात उतरणार आहे आणि माझ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून जेवतोय. म्हणून आजपासून मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

सुरुवात ट्रेपासून. तीस अंडी एकेक करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एकूण १५६६ ग्रॅम, म्हणजे सरासरी ५२ ग्रॅमचं एक अंडं, कवचासकट. सर्वांत हलकं ४५, सर्वांत जड ६०. दुकानात ही सगळी एकाच भावाने येतात. आपल्याकडे बहुतेक माल घाटावरून येतो आणि किरकोळ दुकानात कुणी आकाराप्रमाणे वेगळा करत नाही. ॲगमार्कची प्रतवारी मात्र आहे: ३८ ते ४४ ग्रॅम लहान, ४५ ते ५२ मध्यम, ५३ ते ५९ मोठं, ६० आणि पुढे जास्त मोठं. माझ्या एका ट्रेमध्ये त्यातल्या तीन प्रती निघाल्या.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी एकादशी, अंड्याला हात नाही. वही घेऊन बसले.

माझा १२.६ चा आकडा आला कुठून ते शोधलं. फोनवरच्या ॲपमध्ये मी "Large" निवडत होते. तो आकार अमेरिकेचा आहे. त्यांचं लार्ज अंडं कवचासकट साधारण ५७ ग्रॅमचं, आतला खाण्याचा भाग ५० ग्रॅम. त्या ५० ग्रॅमला अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे ७२ कॅलरी, ६.३ ग्रॅम प्रोटीन, ४.८ ग्रॅम फॅट. कार्ब अर्ध्या ग्रॅमच्याही आत, म्हणून या वहीत कार्बचा रकाना ठेवलाच नाही.

माझ्या ५२ ग्रॅमच्या अंड्यातून कवच आणि आतली पातळ पापुद्र्याची पिशवी गेली की ४६ ग्रॅम उरतात. म्हणजे ६६ कॅलरी, ५.८ प्रोटीन, ४.४ फॅट. दोन अंड्यांना प्रोटीन ११.६ झालं, १२.६ नाही. एका डब्याला एक ग्रॅमचा फरक लहान वाटतो. पण हाच मुलगा दिवसाला सहा अंडी खातो, आणि त्याच्या ताटात ४५ ग्रॅमवाली आली तर अंड्यामागे ५ ग्रॅमच पडतं. सहा अंड्यांत जवळजवळ ८ ग्रॅमची तूट. त्याच्या हिशेबातलं एक अख्खं अंडं गायब.

बुधवार, ९ जुलै

उकडणं. वजनाप्रमाणे तीन जोड्या केल्या: ४५, ५२ आणि ६० ग्रॅम. उकळी आल्यावर १० मिनिटं, मग गार पाण्यात. बाहेर काढून पुसून पुन्हा काट्यावर ठेवली. एकाचंही वजन हललं नाही. अपेक्षित होतं तेच. कवचाच्या आत जे आहे ते आतच शिजतं.

मग तक्त्यात एक गोष्ट खटकली. "Egg, whole, raw, fresh" या नोंदीत १०० ग्रॅमला १४३ कॅलरी आहेत आणि "Egg, whole, cooked, hard-boiled" मध्ये १५५. फॅटही ९.५ वरून १०.६. उकडल्याने अंड्यात चरबी येणार कुठून? या दोन नोंदी एकाच अंड्याच्या आधी आणि नंतरच्या नाहीत, वेगवेगळ्या नमुन्यांच्या आहेत. उकडलेल्या नमुन्यात पाणी थोडं कमी आणि फॅट थोडं जास्त होतं, इतकंच. ॲपमध्ये "उकडलेलं" निवडलं की अंड्यामागे पाच-सहा कॅलरी उगाच वाढतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की उकडण्यामुळे वाढल्या. मी ठरवलं: उकडलेल्यालाही कच्च्याचीच नोंद वापरायची, वजन मात्र स्वतः मोजायचं.

सोलताना घोळ झाला. ताज्या ट्रेमधल्या दोन अंड्यांचं पांढरं कवचाला धरून बसलं आणि सोलताना टवके निघाले. ते टवके गोळा करून तोलले: एका अंड्याचे ४ ग्रॅम. अंडं ताजं असताना पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, त्यामुळे ते कमी अल्कधर्मी असतं आणि आतल्या पापुद्र्याला चिकटतं. आठवडाभर ठेवलं की तो वायू कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि कवच सुटं होतं. डब्यासाठी मुद्दा सरळ आहे. ४ ग्रॅम पांढरं कचऱ्यात गेलं तर ०.४ ग्रॅम प्रोटीन गेलं. उकडायची अंडी यापुढे आठवडाभर जुन्या ट्रेमधून.

शनिवार, १२ जुलै

आज बलक आणि पांढरं वेगळं केलं. हे काम उकडलेल्या अंड्यावरच करावं. कच्च्यात कितीही जपलं तरी पांढऱ्याचा चिकट भाग बलकाला लागून राहतो. उकडलेलं अंडं उभं कापलं की बलक सुपारीसारखा बाहेर येतो आणि वाटी कोरडी राहते. भाच्याने सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणून दिलाय, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो.

५२ ग्रॅमच्या अंड्यात बलक १५.५ ग्रॅम, पांढरं ३०.५ ग्रॅम. तक्त्याप्रमाणे पांढऱ्याच्या १०० ग्रॅमला १०.९ ग्रॅम प्रोटीन आणि ५२ कॅलरी, फॅट नावापुरतं. म्हणजे या अंड्याच्या पांढऱ्यात ३.३ ग्रॅम प्रोटीन आणि १६ कॅलरी. बलकात २.५ ग्रॅम प्रोटीन, जवळजवळ सगळं म्हणजे ४.१ ग्रॅम फॅट आणि ५० कॅलरी.

आकाराची गंमत इथे कळते. ६० ग्रॅमच्या अंड्यात बलक १६.५ ग्रॅम निघाला, फक्त एक ग्रॅम जास्त. पांढरं मात्र ३६.५ ग्रॅम. ४५ च्या अंड्यात बलक १४ आणि पांढरं २५.५. अंडं मोठं होतं तेव्हा वाढ मुख्यतः पांढऱ्याची असते. लहान अंड्यातून मोठ्याकडे गेलं तर पांढऱ्यातलं प्रोटीन २.८ वरून ४ ग्रॅमवर जातं, बलकाच्या कॅलरी ४५ वरून ५३ वर. म्हणून "एका पांढऱ्याला ३.६ ग्रॅम" हा जिममधला पाठ आकडा आमच्या सरासरी अंड्याला लागू पडत नाही. तो अमेरिकी लार्जच्या ३३ ग्रॅम पांढऱ्याचा आहे.

सोमवार, १४ जुलै

तेलाचा पहिला दिवस, फुकट गेला.

मी ठरवलं होतं की पॅन तेलासकट तोलायचा, अंडं तळून काढायचं आणि पॅन पुन्हा तोलायचा. जेवढं कमी झालं तेवढं तेल अंड्याबरोबर गेलं. पॅन ६४० ग्रॅमचा आणि छोटा काटा ५०० च्या वर जात नाही. मोठ्या काट्यावर ठेवला तर तो एकेका ग्रॅमने उडी मारतो. तेलाचा एक ग्रॅम म्हणजे ९ कॅलरी, आणि मी शोधतेय तो आकडाच दोन-तीन ग्रॅमचा. तीन अंडी तळली आणि उत्तरं आली १, ४ आणि २ ग्रॅम. खोडली.

संध्याकाळी आईला सहज विचारलं, हाफ फ्रायला तेल किती घालतेस. "एक चमचा." चमचा दाखव म्हटलं, तर तिने पोह्यांचा चमचा पुढे केला. त्यात ९ ग्रॅम तेल मावतं. मापाच्या ५ मिलीच्या चमच्यात साडेचार. एकाच शब्दात ४० कॅलरींचा फरक, आणि आतापर्यंत दोघी आलटून पालटून डब्यातली अंडी तळत होतो.

बुधवार, १६ जुलै

पद्धत बदलली, आणि ही जमली.

लहान वाटीत तेल घेऊन वाटी छोट्या काट्यावर तोलते. तेल पॅनमध्ये ओतते आणि वाटी पुन्हा तोलते, कारण वाटीला चिकटून राहिलेलं तेल पॅनमध्ये गेलेलं नसतं. अंडं तळून काढलं की पॅन मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ठेवते. तडतड असेपर्यंत पाणी आहे. ते संपलं की खाली राहतं ते निव्वळ तेल. मग पॅन आणि उलथणं दोन्ही टिश्यूने कोरडं पुसून टिश्यू तोलते. अंड्याचे जळके कण चिमट्याने आधी काढून टाकते.

सकाळच्या पहिल्या दोन मापांत उरलेलं तेल जरा जास्तच येत होतं. कारण बाहेर धो धो पाऊस आणि टिश्यू हवेतला ओलावा ओढत होता. कोरडा टिश्यू ताटलीत नुसता ठेवला तर अर्ध्या तासात ०.१ ते ०.२ ग्रॅमने जड झाला. आता प्रत्येक मापाबरोबर एक कोरा टिश्यू शेजारी ठेवते आणि त्याची वाढ वजा करते. टिश्यूचा पुडा डब्यात घट्ट बंद.

जे थेंब कट्ट्यावर उडतात ते मोजता येत नाहीत. ते अंड्याने खाल्ले असं धरलंय. म्हणजे माझा आकडा किंचित जास्त येईल. चिठ्ठीवर कमीपेक्षा किंचित जास्त बरा.

गुरुवार, १७ जुलै

५२ ग्रॅमची सहा अंडी, नॉनस्टिक पॅन, प्रत्येकाला ५ ग्रॅम सूर्यफूल तेल. प्रत्येक अंड्याबरोबर गेलेलं तेल २.३ ते ३.२ ग्रॅम, सरासरी २.७. म्हणजे २४ कॅलरी. उकडलेलं अंडं ६६, हेच अंडं तळून ९०. प्रोटीन तेच, ५.८. फॅट ४.४ वरून ७.१.

मग आईच्या पद्धतीने, बिडाच्या तव्यावर: १२ ग्रॅम तेल, कडा जाळीदार होईपर्यंत, आणि बलकावर चमच्याने गरम तेल सोडत. अंड्याबरोबर गेलेलं तेल ५.१ ते ७.४ ग्रॅम, सरासरी ६.२. अंडं १२२ कॅलरींचं झालं. सर्वांत जास्त तेल गेलं ते ज्याची कड सर्वांत जास्त कुरकुरीत होती त्या अंड्याबरोबर. उलटून पाहिलं तर कडेच्या प्रत्येक बुडबुड्याच्या खळग्यात तेल बसलेलं दिसतं, बोट लावलं की चमकतं. चव तिथेच आहे हेही खरं.

तव्यावर एकदा खोबरेल तेल घेऊन पाहिलं. गेलेलं तेल याच दरम्यान. तेल कुठलंही असो, ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर या कामापुरतं चुकत नाही.

एक गोष्ट तक्त्याबद्दल. "Egg, whole, cooked, fried" या नोंदीत लार्ज अंड्याला ९० कॅलरी आणि ६.८ ग्रॅम फॅट आहे. कच्च्यात ४.८ होतं. म्हणजे त्या नोंदीत अंड्यावर जेमतेम २ ग्रॅम फॅट चढलंय. माझ्या नॉनस्टिकपेक्षाही कमी, आणि बिडाच्या तव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच. ॲपमध्ये "फ्राइड" निवडून निश्चिंत होणाऱ्याने स्वतःच्या तव्याकडे एकदा पाहावं.

शुक्रवार, १८ जुलै

बाजारातून गावठी अंडी आणली, सहा. एका ग्राहकाची आई त्यांचाच आग्रह धरते. सरासरी ४१ ग्रॅम. आतला भाग ३६ ग्रॅम, त्यात बलक १४ आणि पांढरं २२. म्हणजे बलक ४५ ग्रॅमच्या फार्मच्या अंड्याएवढाच, पांढरं त्याहून कमी. हिशेब: ४.६ ग्रॅम प्रोटीन, ५७ कॅलरी. चवीला ही अंडी मलाही आवडतात. पण ज्याला प्रोटीन मोजून हवंय त्याला दोनाच्या जागी अडीच लागतील, आणि बलकाचं फॅटही वाढेल. बलकाच्या गडद केशरी रंगावरून प्रोटीन ठरत नाही. तो रंग कोंबडीने काय खाल्लं त्याचा.

रविवार, २० जुलै

जिममधले सर काउंटरवर भेटले. म्हणाले, "तळलेल्यात प्रोटीन जास्त असतं, तक्त्यातच आहे. शंभर ग्रॅमला १३.६. उकडलेल्यात १२.६."

आकडे बरोबर, अर्थ चुकीचा. घरी येऊन एक अंडं पुन्हा तळून दाखवण्यासाठी मापं घेतली. आत गेलं ४६ ग्रॅम अंडं आणि २.७ ग्रॅम तेल, मिळून ४८.७. ताटलीत आलं ४३ ग्रॅम. मधले ५.७ ग्रॅम वाफ होऊन गेलेलं पाणी. प्रोटीन ५.८ च होतं आणि ५.८ च राहिलं, पण आता ते ४३ ग्रॅममध्ये आहे. भागाकार केला की शंभराला १३.५ येतं. पाणी आटल्याने आकडा फुगला. काजू भाजले म्हणून त्यात काजू वाढत नाहीत, तसंच.

चूक कुठे होते तेही यातून कळलं. तळलेलं अंडं तोलून त्याला कच्च्याचा दर लावला तर प्रोटीन कमी दिसतं, ४३ ला ५.४. आणि तेल हिशेबातून सगळंच गळून जातं. म्हणून तोलायचं ते तळण्याआधी, कवचासकट, आणि तेल वेगळं. सरांना वही दाखवली. त्यांनी पान फोटो काढून नेलं.

मंगळवार, २२ जुलै

आजचं माप मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण कॅलरी कमी करायला बसलेले सगळे नुसतं पांढरं मागतात आणि वर म्हणतात, "ताई, उकडलेलं कंटाळा आणतं, तळून द्या."

दोन अंड्यांचं पांढरं, ६१ ग्रॅम: ६.६ ग्रॅम प्रोटीन, ३२ कॅलरी. नॉनस्टिकवर ५ ग्रॅम तेलात पसरलं. हाफ फ्रायमध्ये बलक मधे बसून पांढऱ्याला जरा गोळा धरतो. नुसतं पांढरं फेटून ओतलं की पातळ पोळीसारखं पसरतं, पॅनला जास्त लागतं, कड लांब होते. चार वेळा मोजलं, सरासरी ३.१ ग्रॅम तेल गेलं, २८ कॅलरी. एकूण ६०.

शेजारी एक उकडलेलं अख्खं अंडं ठेवा: ६६ कॅलरी, ५.८ प्रोटीन. दोन बलक बाजूला काढून १०० कॅलरी वाचवल्या आणि त्यातल्या २८ तेलाने परत दिल्या. डब्यात निम्म्याच्या जवळपास कॅलरी तेलाच्या. बिडाच्या तव्यावर ५ ग्रॅमला पांढरं चिकटलं, खरवडावं लागलं. १० ग्रॅम घातल्यावर सुटलं, पण ६ ग्रॅम तेल घेऊन सुटलं. ८६ कॅलरी. त्या मुलाला हे दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मग मला एक अख्खं आणि दोन पांढरी, तिन्ही उकडून." ९८ कॅलरी आणि १२.४ ग्रॅम प्रोटीन. माझ्या वर्षभराच्या चुकीच्या चिठ्ठीवरचं प्रोटीन त्याला आता जवळजवळ खरोखर मिळेल.

उरलेले बलक वाया घालवत नाही. आई त्यांची भुर्जी करते, घरच्यांसाठी.

गुरुवार, २४ जुलै

शीटमध्ये सूत्र टाकलं. B रकान्यात अंड्याचं कवचासकट वजन, C मध्ये अंड्याबरोबर गेलेलं तेल. उकडलेल्याला C शून्य.

```
कॅलरी    =ROUND(B2*0.88*1.43+C2*9,0)
प्रोटीन   =ROUND(B2*0.88*0.126,1)
```

६० ग्रॅमच्या अंड्याला हे सूत्र तीन-चार कॅलरी जास्त दाखवतं, कारण मोठ्या अंड्यात बलकाचा वाटा कमी. बारा तारखेच्या नोंदीप्रमाणे बलक-पांढरं धरून ७२ येतात, सूत्राने ७६. गावठी अंड्याला ते उलट चुकतं, पाच कॅलरी कमी दाखवतं. म्हणून गावठीची चिठ्ठी वेगळी, हाताने.

पोह्यांचा चमचा तेलाच्या बरणीतून काढला, ५ मिलीचा दोरीने बांधला. आई म्हणाली, "बाय, बिडाच्या तव्याची चव गेली गो." घरच्या नाश्त्याला तवा तिचाच. डब्याला नॉनस्टिक.

ट्रे आला की आता तीन टोपल्यांत वाटते: ४९ पर्यंत, ५० ते ५५, त्यावर. चिठ्ठीवर टोपलीचं सरासरी वजन लिहिलंय. आज दीप अमावास्या, उद्यापासून श्रावण. बेचाळीसपैकी सव्वीस डबे महिनाभर बिनअंड्याचे आहेत. उरलेल्या सोळांच्या चिठ्ठ्या छापून झाल्या, त्यात हाफ फ्राय चारच.